‘लेखन वर्णनात्मक आहे’ म्हणजे नेमकं काय चुकलं?

प्रश्न : मी पवनी तालुक्यातली, समाजशास्त्रात एम.ए. करते. गोसीखुर्द प्रकल्पावर निबंध लिहिला. माहिती सगळी खरी आहे, तारखा तपासलेल्या आहेत, गावात जाऊन लोकांशी बोललेही आहे. तरी समासात शेरा मिळाला, ‘वर्णनात्मक. विश्लेषण हवे.’ मग मी शेवटी माझी मतं घातली, तर दुसरा शेरा आला, ‘ही मते आहेत, विश्लेषण कुठे?’ माहिती दिली तर वर्णन, मत दिलं तर मत. मग विश्लेषण म्हणजे लिहायचं तरी काय? निबंधातले तीन परिच्छेद सोबत पाठवते आहे.

उत्तर : परिच्छेद पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण या फरकाच्या व्याख्या कितीही पाठ केल्या तरी लिहिताना त्या हाताशी येत नाहीत. आपण तुमचेच परिच्छेद घेऊ. पहिला असा आहे :

> गोसीखुर्द हा वैनगंगा नदीवरील महत्त्वाचा प्रकल्प आहे. 1983 मध्ये त्याचा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. 2009 मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढे खर्च वाढत जाऊन 18,494 कोटींवर गेला. प्रकल्पातून अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे विस्थापित झाली.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आता एक करून बघा. सिंचनाचं वाक्य सगळ्यात वर न्या, राष्ट्रीय प्रकल्पाचं शेवटी टाका. काही बिघडलं का? तारखांचा क्रम तेवढा मोडला, बाकी परिच्छेद होता तसाच राहिला. वाक्यं एकमेकांना टेकून उभीच नाहीत, नुसती शेजारी बसली आहेत. परिच्छेद वर्णनात्मक आहे हे ओळखायची माझी पहिली खूण हीच. विश्लेषणाच्या परिच्छेदातलं एक वाक्य हलवलं की खालची दोन-तीन लंगडी पडतात, कारण त्यांचा आधारच जातो.

दुसऱ्या खेपेला तुम्ही या परिच्छेदाच्या शेवटी जोडलंत : ‘खर्चातील ही प्रचंड वाढ अत्यंत खेदजनक असून यातून भ्रष्टाचाराचे भीषण स्वरूप दिसते.’ इथे परीक्षकाने ‘मत’ म्हटलं ते बरोबर आहे. गोसीखुर्दच्या कंत्राटांमध्ये गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण 372 आणि 18,494 हे दोन आकडे शेजारी ठेवल्याने त्यातलं काहीच सिद्ध होत नाही. आकड्यांपासून निष्कर्षापर्यंत जायला मधे जी वाट लागते, ती तुम्ही लिहिलीच नाही.

ती वाट अशी काढता येते. आधी या दोन आकड्यांबद्दल एकच प्रश्न ठरवा. मी घेतला तो असा : खर्च जवळपास पन्नास पट झाला, त्यातला किती भाग नुसत्या महागाईचा? दुसरा आकडा 2012-13 च्या दरांनी काढलेला आहे. 1983 पासून तोवर देशातल्या घाऊक किमती साधारण सात पट झाल्या. 372 ला सातने गुणलं तर 2,600 कोटी होतात. म्हणजे महागाईचं कारण पूर्ण मान्य केलं तरी सुमारे 15,900 कोटींचं स्पष्टीकरण बाकीच राहतं. आता परिच्छेद पुन्हा लिहू :

> गोसीखुर्दचा अंदाजित खर्च 1983 मधील 372 कोटींवरून 2012-13 च्या दरांनी 18,494 कोटींवर गेला. ही वाढ केवळ महागाईने झाली असे म्हणता येत नाही. या काळात घाऊक किमती साधारण सात पट झाल्या. त्या हिशेबाने मूळ अंदाज 2,600 कोटींच्या आसपास जायला हवा होता. सिमेंट, लोखंड आणि जमीन यांचे दर सर्वसाधारण किमतींपेक्षा वेगाने वाढले असे धरले, तरी उरलेली तफावत एवढी मोठी आहे की त्यासाठी दुसरी कारणे शोधावी लागतात. अशी दोन कारणे संभवतात. एक, मूळ अंदाजातच भूसंपादन, पुनर्वसन किंवा कालव्यांसाठी अपुरी तरतूद होती. दोन, कामाची व्याप्ती नंतर वाढत गेली. पहिले खरे असेल तर प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा त्याची खरी किंमत कोणापुढेच नव्हती. दुसरे खरे असेल तर ती मंजुरीनंतर टप्प्याटप्प्याने ठरत गेली.

यात नवी माहिती एकच आली, किमती सात पट झाल्याची. भूमिपूजनाची तारीख गळाली, राष्ट्रीय दर्जा गळाला, अडीच लाख हेक्टरही गळाले. त्या गोष्टी खोट्या नव्हत्या, पण या प्रश्नाच्या कामाच्या नव्हत्या. उलट ‘केवळ महागाईने झाली असे म्हणता येत नाही’ हे वाक्य असं आहे की त्यावर कोणी हरकत घेऊ शकतं. एखादा अभियंता म्हणेल, घाऊक किमतींचा निर्देशांक धरणाच्या कामाला लागूच पडत नाही. म्हणून सिमेंट-लोखंडाचं वाक्य आधीच घातलं आहे. तुमचं विधान चुकीचं ठरण्याची शक्यता असली पाहिजे, आणि ते का ठरत नाही याचं उत्तर परिच्छेदातच मिळालं पाहिजे. भूमिपूजनाच्या तारखेशी कोणी वाद घालणार नाही. तेवढ्यासाठीच ती विश्लेषण नाही.

प्रश्न : पण दोन कारणांपैकी खरं कुठलं, हे मी कसं ठरवू? आणि ठरवता आलं नाही तर परिच्छेद अर्धवट राहणार नाही का?

उत्तर : ठरवायला कागद आहेत. पाटबंधारे खात्यात खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. खात्यातले लोक तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. सुप्रमाच्या प्रस्तावात खर्चवाढीची कारणं ठरलेल्या शीर्षांखाली मांडलेली असतात : दरसूचीतील बदल, भूसंपादनाच्या खर्चातील वाढ, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील वाढ, अपुऱ्या तरतुदी, इतर कारणे. ही विभागणी मिळाली की तुमची दोन कारणं पडताळता येतात. ‘अपुऱ्या तरतुदी’खाली मोठी रक्कम असेल तर पहिल्याला बळ मिळतं, ‘व्याप्ती’खाली असेल तर दुसऱ्याला.

मात्र इथे एक खड्डा आहे आणि हुशार विद्यार्थीही त्यात पडतात. तो तक्ता निबंधात जसाच्या तसा उतरवला, तर तुम्ही खात्याने केलेलं स्पष्टीकरण सांगितलंत, स्वतः काही तपासलं नाहीत. कारणांची यादी ही पण वर्णनच असू शकते. ‘दरसूचीतील बदल’ हे शीर्ष घ्या. दर वाढले म्हणून खर्च वाढला, असं ते सांगतं. पण दर वाढायला वर्षं जावी लागतात. काम आठ-दहा वर्षांत उरकलं असतं तर तीन दशकांची दरवाढ प्रकल्पाच्या अंगावर आलीच नसती. म्हणजे दरसूचीखाली दाखवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा प्रत्यक्षात दिरंगाईचा असतो, आणि दिरंगाईला मात्र तक्त्यात शीर्षच नाही. तक्त्याच्या रचनेमुळे एक कारण दिसतं आणि एक झाकलं जातं, हे सांगणारी दोन वाक्यं लिहिलीत तर ती तुमची स्वतःची असतील.

आणि कागद हाती आलाच नाही तर? तर जिथवर पोचलात तिथे थांबा आणि तसं लिहा : ‘कोणते कारण किती जबाबदार हे शीर्षनिहाय विभागणीशिवाय सांगता येत नाही, पण महागाई एकटी पुरेशी नाही एवढे निश्चित.’ याने परिच्छेद अर्धवट राहत नाही. एक शक्यता तुम्ही पुराव्याने बाद केलीत, तेवढं काम झालं. अर्धवट राहतो तो ‘याला अनेक कारणे आहेत’ असं म्हणून मोकळा होणारा परिच्छेद.

प्रश्न : दुसरा परिच्छेद माझ्या क्षेत्रभेटींवरचा आहे. त्यात ‘त्यामुळे’ आहे, म्हणजे कारण-परिणाम आला ना? तरी त्यालाही वर्णनच म्हटलं.

> प्रकल्पामुळे ढिवर समाजाचे मोठे नुकसान झाले. पूर्वी हे लोक डोंग्यातून नदीत मासेमारी करत. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगर, काकडी यांच्या वाड्या लावत. धरण झाल्यावर वाळू पाण्याखाली गेली. त्यांना शेतकऱ्यांसारखी भरपाई मिळाली नाही. त्यामुळे ते मजुरीकडे वळले. शासनाने याकडे लक्ष द्यावे.

उत्तर : तिन्हींत हा परिच्छेद मला सगळ्यात आवडला, कारण यात तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. डोंगा, वाळू, डांगराच्या वाड्या हे तपशील सोडू नका. अडचण त्या ‘त्यामुळे’पाशी आहे. धरण एका टोकाला, मजुरी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या त्या एका शब्दात कोंबल्या आहेत. ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘परिणामी’ हे शब्द आले म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. त्या शब्दाच्या जागी ‘आणि नंतर’ घालून वाचा. ‘भरपाई मिळाली नाही आणि नंतर ते मजुरीकडे वळले.’ वाक्य तितकंच चाललं, तर तुम्ही क्रम सांगितलात, कारण सांगितलं नाहीत.

या परिच्छेदातलं खरं कोडं तुम्ही ओझरतं सांगून पुढे गेलात : शेतकऱ्यांसारखी भरपाई मिळाली नाही. का नाही? दोघांचीही उपजीविका एकाच जलाशयाने बुडवली. मग एकाची नोंद का झाली आणि दुसऱ्याची का राहिली? विश्लेषणाला असा फरक मिळाला की त्याला पकडायला जागा होते. नुसत्या ‘नुकसान झाले’ला ती नसते. दोघांना शेजारी ठेवा :

> एकाच जलाशयाने शेतकऱ्याची जमीन बुडवली आणि ढिवरांची नदीही. पण नुकसान म्हणून मोजली गेली ती प्रामुख्याने जमीन. याचे मूळ भरपाईच्या पद्धतीत आहे. 1894 च्या भूसंपादन कायद्याने भरपाई द्यायची ती संपादन केलेल्या जमिनीची आणि तिच्याशी जोडलेल्या हितसंबंधांची. शेतकऱ्याकडे सातबारा होता, त्यामुळे त्याचे क्षेत्र मोजता आले, दर लावता आला. नदीचे पात्र मुळात शासनाचे. ते कोणाकडून संपादित करण्याचा प्रश्नच आला नाही. ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्या पात्रात मासे धरत होती आणि उन्हाळ्यात वाळूत वाडी करत होती, पण हा वापर जमिनीच्या मालकीसारखा कुठल्या उताऱ्यावर चढलेला नव्हता. ज्याची किंमत काढायला कागद नव्हता, त्याचे नुकसान भरपाईच्या हिशेबात शिरू शकले नाही. म्हणून भरपाईतील ही तफावत अधिकाऱ्यांच्या दुर्लक्षाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मालकी मोजणाऱ्या आणि वापर न मोजणाऱ्या व्यवस्थेतून आली.

शेवटचं वाक्य बघा. तुमच्या मूळ परिच्छेदाचा शेवट ‘शासनाने लक्ष द्यावे’ असा होता. लक्ष दिलं नाही म्हणून हे घडलं, असं त्यात गृहीत आहे. नव्या परिच्छेदाचं म्हणणं वेगळं आहे : अगदी प्रामाणिक, लक्ष देणारा अधिकारी असता तरी त्या कायद्याच्या चौकटीत वाळूतल्या वाडीची किंमत काढणं त्याला जड गेलं असतं. उपायही त्याने बदलतो. लक्ष वेधणारं निवेदन पुरत नाही, वापराची नोंद करण्याची पद्धत लागते. विश्लेषण नीट झालं की शिफारस आपसूक नेमकी होते.

आता ‘मजुरीकडे वळले’कडे येऊ. भरपाई न मिळणं आणि धंदा सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एका वाक्यात बांधू नका. धंदा का सुटला याला निदान तीन कारणं असू शकतात. वाहत्या उथळ नदीतली मासेमारी आणि खोल, पसरलेल्या जलाशयातली मासेमारी यांना लागणारी जाळी, होड्या आणि भांडवल वेगवेगळं असतं, हे एक. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क आपल्या राज्यात प्रामुख्याने सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, म्हणजे नदीत कोणी अडवत नव्हतं तिथे आता सभासदत्व लागतं, हे दुसरं. तिसरं कारण धरणाचं नाहीच : नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, आणि जलाशयात जलपर्णी माजते ती त्याच्यावर.

यातलं तिसरं कारण तुमच्या परिच्छेदाला सगळ्यात अडचणीचं आहे, म्हणूनच ते टाळू नका. कोणी विचारेल, मासे सांडपाण्याने कमी झाले असतील, धरणाला कशाला दोष? याला उत्तर द्यायला तुमच्या भागाचा भूगोलच मदत करतो. कन्हान वैनगंगेला आंभोऱ्याला मिळते. संगमाच्या वर, भंडाऱ्याच्या बाजूला, वैनगंगेत नाग नदीचं पाणी येत नाही. संगमाच्या खाली येतं. जलाशयाचं पाणी मात्र दोन्हीकडे पसरलेलं आहे. तेव्हा संगमाच्या वरचं एक ढिवर वस्तीचं गाव आणि खालचं एक गाव निवडा आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा : कोणते मासे मिळेनासे झाले, कधीपासून, संस्थेत कोण आहे, जाळी कोणती वापरता. वरच्या गावातही मासेमारी तितकीच सुटली असेल तर सांडपाणी हे मुख्य कारण म्हणता येणार नाही. फक्त खालच्या गावात सुटली असेल तर धरणावरचा आरोप ढिला करावा लागेल. जलाशय तुडुंब भरला की पाणी मागे सरकतं, त्यामुळे संगमाची रेघ अगदी काटेकोर नाही, हेही एका वाक्यात नोंदवा. दोन गावांवरून अख्ख्या वैनगंगेचा निकाल लागत नाही हे खरं, पण नुसत्या ‘त्यामुळे’पेक्षा हे पुष्कळ पुढचं आहे.

प्रश्न : तिसऱ्या परिच्छेदात तर मी सिद्धांत दिला आहे. सिद्धांत आला म्हणजे विश्लेषण झालं असं आम्हाला सांगतात.

> मायकेल सर्निया यांच्या मते विस्थापनामुळे आठ धोके निर्माण होतात : भूमिहीनता, बेरोजगारी, बेघर होणे, परिघावर ढकलले जाणे, अन्न असुरक्षितता, आजारपण व मृत्यू यांत वाढ, सामायिक संसाधनांवरील हक्क गमावणे आणि सामाजिक वीण उसवणे. गोसीखुर्द प्रकल्पग्रस्तांमध्ये हे सर्व धोके दिसून येतात.

उत्तर : यादी बरोबर आहे, पण तुम्ही सर्नियांची केली ती हजेरी. आठ नावं पुकारली, आठही हजर, रकाने भरले. हाच परिच्छेद कोयनेच्या निबंधात ठेवा, सरदार सरोवराच्या ठेवा, प्रकल्पाचं नाव तेवढं बदला, चालून जाईल. सगळीकडे चालणारा परिच्छेद तुमच्या ठिकाणाबद्दल काहीच सांगत नसतो. सिद्धांताचं नाव घेणं म्हणजे दुसऱ्याने केलेल्या विश्लेषणाचं वर्णन करणं.

सिद्धांत कामाला लावायचा तर आठांपैकी एकच निवडा आणि तो तुमच्या भागात नेमका कसा बसतो, किंवा बसत नाही, ते बघा. ढिवरांमुळे तुमच्या हाताशी सातवा आहे, सामायिक संसाधनांवरील हक्क गमावणे :

> सर्निया यांच्या मांडणीत सामायिक संसाधन ‘गमावले’ जाते. गोसीखुर्दमधील ढिवरांची स्थिती या शब्दात पुरती मावत नाही. वाळूतल्या वाड्यांच्या बाबतीत तो लागू पडतो, कारण वाळूच पाण्याखाली गेली. मासेमारीच्या बाबतीत मात्र जुने संसाधन जाऊन त्याच जागी दुसरे, आकाराने मोठे संसाधन उभे राहिले : जलाशय. प्रश्न तिथे शिरायच्या दाराचा आहे. नदीत जाळे टाकायला जात, गाव आणि वहिवाट पुरत होती. जलाशयात संस्थेचे सभासदत्व, ठेका आणि भांडवल लागते. त्यामुळे नुकसान सर्वांचे सारखे झाले नसणार. ज्या कुटुंबाचा संस्थेत शिरकाव झाला त्याची आणि ज्याचा झाला नाही त्याची वाट वेगळी झाली असणार. विस्थापनाने समाज एकसारखा गरीब होतो की त्याच्या आत नवी उतरंड तयार होते, हे या दारापाशी तपासता येते.

शेवटची तीन वाक्यं ‘असणार’, ‘तपासता येते’ अशी सावधपणे लिहिली आहेत, कारण त्यांना आधार तुमच्या मुलाखतींचा लागेल. गावात गेलात तेव्हा संस्थेचे सभासद आणि बिगर-सभासद असे दोन्ही भेटले होते का, हे टिपणवहीत पाहा. दोघांच्या सांगण्यात फरक निघाला तर ‘असणार’ची जागा पुरावा घेईल. फरक निघाला नाही तर ही मांडणी सोडावी लागेल आणि सर्नियांचा मूळ शब्दच जास्त बरोबर ठरेल. दोन्हीतलं काहीही निघालं तरी निबंधाला ते चालेल. सगळे आठ धोके दिसून येतात या वाक्याला मात्र मुलाखतीतून काहीही निघालं तरी धक्का लागत नाही, आणि त्याची उणीव तीच आहे.

प्रश्न : मग वर्णन काढूनच टाकायचं का? शब्दमर्यादा दोन हजारांची आहे, आणि गोसीखुर्द कुठे आहे हे तर सांगावंच लागेल.

उत्तर : काढून टाकायचं नाही. वर्णनाला कामाला लावायचं. ढिवरांच्या परिच्छेदात वाळूतली वाडी नसती तर ‘मालकी मोजली, वापर मोजला नाही’ हे वाक्य हवेत राहिलं असतं. कसला वापर, हे वाचणाऱ्याला दिसायला हवं, आणि ते वर्णनच दाखवतं. म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारा : पुढच्या कोणत्या वाक्याला तू लागतोस? उत्तर मिळालं नाही तर तो तपशील कापा. गोसीखुर्द पवनी तालुक्यात आहे, धरण वैनगंगेवर आहे, बुडीत क्षेत्र भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत आहे, एवढं सुरुवातीला तीन-चार वाक्यांत सांगून टाका. प्रकल्पाचा इतिहास म्हणून वेगळा विभाग करूच नका. 1983 चा अंदाज खर्चाच्या परिच्छेदात येईल, 1894 चा कायदा भरपाईच्या परिच्छेदात येईल. ज्या वर्षाला निबंधात काम नाही, ते आलं नाही तरी चालेल. प्रकल्पग्रस्तांसाठीचं 2013 चं सुमारे 1,200 कोटींचं विशेष पॅकेज हे उदाहरण घ्या. नुसतं ‘जाहीर झाले’ म्हणून ते आणू नका. रोख रकमेच्या या पॅकेजने मालकी नसलेल्यांसाठी दार उघडलं की आधीच्या यादीतल्यांनाच आणखी पैसे मिळाले, असा प्रश्न विचारणार असाल तरच आणा. तो प्रश्न तुमच्या ढिवरांच्या परिच्छेदाला थेट जोडला जातो.

लिहिण्याची पद्धतही थोडी उलटी करा. पहिला खर्डा वर्णनाचा होऊ द्या. त्याशिवाय आपल्याकडे काय आहे ते कळत नाही. मग प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ लिहा : हा परिच्छेद कोणत्या ‘का’ किंवा ‘कसं’चं उत्तर देतो? तुमच्या पहिल्या परिच्छेदासमोर ही ओळ लिहिताच आली नसती. दुसऱ्यासमोर ‘ढिवरांना भरपाई का मिळाली नाही’ अशी लिहिता आली असती, आणि लगेच लक्षात आलं असतं की प्रश्न तिथे आहे पण उत्तर नाही. ती ओळच पुढच्या खर्ड्यात परिच्छेदाचं पहिलं किंवा दुसरं वाक्य होते, आणि जे तपशील तिच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देतात ते तेवढे टिकतात.

दोन हजार शब्दांत असे पाच-सहा प्रश्न मावणार नाहीत. दोन मावतील, नीट मांडले तर तीन. तुमच्या जागी मी खर्चाचा परिच्छेद गाळला असता. तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे, आणि सुप्रमाचे कागद मिळाल्याशिवाय एका मर्यादेपुढे सरकत नाही. भरपाई आणि जलाशयातला प्रवेश हे दोन प्रश्न मात्र एकाच माणसाबद्दलचे आहेत, तुमच्या मुलाखती त्यांनाच धरून आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला पुढे नेतं : जुन्या नदीवरचा त्याचा वापर मोजला गेला नाही, नव्या जलाशयावर मात्र त्याला सभासद म्हणून मोजून घ्यावं लागतं. निबंध एवढ्याचाच करा, आणि संगमाच्या वरचं एक गाव पाहायचं राहिलं असेल तर लिहायला बसण्याआधी तिकडे जाऊन या.